पाच बँड, सहा तुकडे

रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक अहवालांत एक ठरावीक फोटो असतो. काळा चौकोन, त्याच्या वरच्या कडेला ओळीने खाचा, आणि प्रत्येक खाचेखाली उभ्या रांगेत पांढऱ्या आडव्या रेघा. हा अगारोज जेलचा फोटो. खाचांना वेल म्हणतात, रांगांना लेन आणि रेघांना बँड. फोटोखाली दोन-चार वाक्ये असतात: अमुक लेनमध्ये इतके बँड दिसले, त्यांच्यातल्या डीएनएची लांबी अंदाजे इतकी. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांची जर्नले तपासताना मी सर्वांत जास्त वेळ थांबते ती या दोन-चार वाक्यांपाशी. जेल नीट चाललेला असतो, फोटो स्वच्छ आलेला असतो, आणि खाली लिहिलेले असते, '४८७८ बेस-जोड्यांचा बँड मिळाला.' हा आकडा जेलवरून मिळणे शक्यच नाही. तो पुस्तकातून आलेला असतो. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे आधीपासून ठाऊक होते, ते दोन्ही एका वाक्यात मिसळले गेले की अहवाल वाचणाऱ्याला पाहिलेले कोणते हे कळायचा मार्ग उरत नाही.

जेल खरोखर काय सांगतो, आणि कुठे गप्प बसतो, हे समजायला लॅम्डा नावाच्या विषाणूचे उदाहरण फार उपयोगी आहे. ई. कोलाय या जिवाणूत राहणारा हा विषाणू एस्थर लेडरबर्ग यांना सापडला. फ्रेडरिक सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्याच्या डीएनएचा संपूर्ण अनुक्रम प्रसिद्ध केला. लांबी भरली ४८,५०२ बेस-जोड्या. हा डीएनए विकत सहज मिळतो, म्हणून आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत तो जुना सोबती आहे. इकोआरवन हे कात्रीसारखे काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यावर टाकले की ते जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम जिथे जिथे येतो तिथे कापते. लॅम्डामध्ये हा क्रम पाच ठिकाणी आहे. सरळ दोरी पाच ठिकाणी कापली की सहा तुकडे होतात. त्यांच्या लांब्या २१,२२६, ७,४२१, ५,८०४, ५,६४३, ४,८७८ आणि ३,५३० बेस-जोड्या. बेरीज करून पाहा, बरोबर ४८,५०२ येते.

एक टक्क्याच्या नेहमीच्या जेलवर हे मिश्रण चालवले तर बँड मात्र पाचच दिसतात. उत्तर माहीत असलेला विद्यार्थी बहुधा सहा बँड लिहून मोकळा होतो. आपण उत्तर माहीत नाही असे धरू, आणि केवळ जेलवरून कुठपर्यंत पोचता येते ते पाहू.

आधी जेलबद्दल थोडेसे. अगारोज समुद्रातल्या लाल शैवालापासून मिळते. एक ग्रॅम अगारोज १०० मिलिलिटर बफरमध्ये उकळून साच्यात ओतले आणि थंड होऊ दिले की एक टक्क्याचा जेल तयार होतो. आतून तो सूक्ष्म तंतूंची जाळी असतो. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे वीज सुरू केली की तो धन टोकाकडे निघतो. भार लांबीच्याच प्रमाणात असल्याने नुसत्या पाण्यात लहान-मोठे सगळे तुकडे जवळपास सारख्याच वेगाने गेले असते. फरक पडतो तो जाळीमुळे. बाभळीच्या दाट बनातून लांब दोर ओढत न्यायचा तर तो जागोजागी अडकतो, वीतभर दोरी सहज निघून जाते. तसेच इथे घडते, आणि म्हणून लांब तुकडे वेलच्या जवळ राहतात, आखूड तुकडे पुढे जातात. नंतर इथिडियम ब्रोमाइडसारखे रंगद्रव्य डीएनएच्या बेस-जोड्यांच्या मधे शिरते आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. अगारोज आणि इथिडियम ब्रोमाइड यांची ही जोडी फिलिप शार्प, बिल सग्डेन आणि जो सॅम्ब्रुक यांनी १९७३ मध्ये विकरे शोधण्यासाठी वापरली, आणि तेव्हापासून तीच पद्धत थोड्याफार फरकाने चालू आहे.

एका लेनमध्ये ठाऊक लांबीच्या तुकड्यांचे मिश्रण टाकतात. हा लॅडर. आपल्या उदाहरणातल्या लॅडरमध्ये १०, ८, ६, ५, ४, ३, २ आणि १ केबीचे बँड आहेत असे धरू. केबी म्हणजे हजार बेस-जोड्या. लॅडरचे महत्त्व एवढ्याचसाठी की तो त्याच जेलमध्ये, त्याच वेळी, त्याच विजेवर चाललेला असतो. कालच्या जेलवरच्या लॅडरने आजचा बँड मोजता येत नाही. अगारोजचे प्रमाण किंचित बदलले, बफर गरम झाला, वीज दहा मिनिटे जास्त चालली, तरी सगळी अंतरे सरकतात.

आता फोटो समोर घ्या. पहिल्या लेनमध्ये लॅडर, दुसऱ्यात न कापलेला लॅम्डा, तिसऱ्यात इकोआरवनने कापलेला. पट्टी हातात घेण्याआधी नुसते पाहून वर्णन लिहायचे. माझा आग्रह असा की हे वर्णन एकही आकडा न वापरता लिहून पाहावे. दुसऱ्या लेनमध्ये वेलच्या जवळ एकच बँड. तिसऱ्या लेनमध्ये पाच बँड. सर्वांत वरचा बराच जाड आणि लॅडरच्या सर्वांत वरच्या बँडच्याही वर. त्याखाली चार बँड, लॅडरच्या वरच्या निम्म्या भागात. या चौघांपैकी वरून दुसरा इतर तिघांपेक्षा ठळक. बँडच्या कडा रेखीव, खाली धुरकट पट्टा नाही, वेलमध्ये काही अडकून चमकत नाही. शेवटच्या वाक्यातल्या 'नाही' गोष्टीही लिहायलाच हव्यात. लेनभर पसरलेला धूर असता तर डीएनए तुटका होता किंवा नमुन्यात डीएनए खाणारे एखादे विकर शिरले होते असा संशय घ्यावा लागला असता. वेल चमकत असती तर काही डीएनए जेलमध्ये शिरलाच नाही असे म्हणावे लागले असते.

नंतर मोजमाप. वेलच्या कडेपासून बँडपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. बँडलाही जाडी असते, तेव्हा त्याची पुढची कड धरायची की मध्य, हे आधी ठरवून सगळ्या बँडना तेच लावायचे. नमुन्यादाखल धरू की लॅडरचा ८ केबीचा बँड २७.५ मिलिमीटरवर आहे, ६ केबीचा ३१ वर, ५ चा ३३.५ वर, ४ चा ३७ वर आणि ३ चा ४२ वर. इथेच एक गोष्ट नजरेत भरते. ३ आणि ४ यांच्यात ५ मिलिमीटरचे अंतर आहे, ४ आणि ५ यांच्यात साडेतीनच, ५ आणि ६ यांच्यात अडीचच. एक केबीची किंमत वर जावे तशी आक्रसत जाते. म्हणून लांबी आणि अंतर यांचा सरळ आलेख काढला तर वक्र मिळतो. लांबीऐवजी तिचा लॉगरिथम घेतला की मधला बराचसा भाग जवळपास सरळ रेषेत येतो. 'सेमी-लॉग आलेख कागद घ्या' असे प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहिलेले असते ते याचसाठी.

आपल्या लेनमधला सर्वांत खालचा बँड ३९ मिलिमीटरवर आहे. तो ४ केबी (३७) आणि ३ केबी (४२) यांच्या मधे पडतो, वरून पाचातले दोन भाग अंतर कापून. ४ चा लॉग ०.६०२, ३ चा ०.४७७, फरक ०.१२५. त्याचे पाचातले दोन भाग म्हणजे ०.०५०. ०.६०२ मधून ते वजा केले की ०.५५२ उरतात, आणि ज्या संख्येचा लॉग ०.५५२ आहे ती संख्या ३.५६. म्हणजे हा तुकडा सुमारे ३.६ केबीचा. त्याच रीतीने ३४ मिलिमीटरवरचा बँड ४.८ केबीचा येतो, ३१.५ वरचा ५.८ चा आणि २८.५ वरचा ७.४ चा. शेजारच्याच दोन बँडांचा आधार घ्यायचा हे पथ्य इथे पाळले आहे. १० केबीपासून १ केबीपर्यंत एकच सरळ रेषा ओढली तर टोकांकडे ती खऱ्या बिंदूंपासून सुटते आणि वरच्या बँडांचे अंदाज बिघडतात.

या आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा? फोटोवर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे वाचला जाणे अगदी स्वाभाविक आहे. ३९ ऐवजी ३८.५ वाचले तर ३.५६ चे ३.६७ होतात, ३९.५ वाचले तर ३.४६. म्हणजे शंभरेक बेस-जोड्यांची चूक. ७.४ च्या बँडला तेवढीच अर्ध्या मिलिमीटरची चूक लावली तर उत्तर ७.१ ते ७.७ यांच्या मधे कुठेही जाते, म्हणजे चूक तीनशेची. हात तोच, पट्टी तीच, पण वर जाल तशी अनिश्चितता वाढते. म्हणून एका दशांश स्थळापलीकडे काहीही लिहिण्याचा अधिकार हा जेल देत नाही. '४८७८' मध्ये चार आकडी अचूकता आहे, आणि त्यातल्या शेवटच्या दोन आकड्यांना या फोटोत काहीही आधार नाही. जेलवरून आलेले उत्तर 'सुमारे ४.८ केबी' असते. नंतरच्या वाक्यात खुशाल म्हणावे की प्रसिद्ध अनुक्रमावरून ४,८७८ बेस-जोड्यांचा तुकडा अपेक्षित आहे आणि मोजलेली लांबी त्याच्याशी जुळते. वाक्ये वेगळी ठेवली की वाचणारा दोन्हींचे वजन आपापले करू शकतो.

सर्वांत वरचा बँड २१ मिलिमीटरवर आहे, आणि लॅडरचा १० केबीचा बँड २५.५ वर. रेषा वर वाढवून इथेही आकडा काढायचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. खूप लांब डीएनए जाळीतून जाताना गुंडाळी सोडून सापासारखा लांबट होऊन एका टोकाने पुढे सरकतो, आणि तसे झाले की लांबीचा वेगावर फारसा परिणाम उरत नाही. नेहमीच्या एक टक्क्याच्या जेलवर वीस केबीच्या आसपास आणि पुढे सगळे जवळपास एकत्रच दाटतात. न कापलेला ४८.५ केबीचा लॅम्डा आपल्या दुसऱ्या लेनमध्ये या बँडच्या थोडासाच वर आहे, तेवढ्यावरूनच ते दिसते. अशा मोठ्या तुकड्यांना वेगळे करण्यासाठी विजेची दिशा सतत बदलत ठेवण्याची युक्ती डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी काढली आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. साध्या जेलवरून या बँडबद्दल लिहिता येते ते इतकेच: १० केबीपेक्षा मोठा, न कापलेल्या डीएनएपेक्षा लहान.

मग बेरजेचे काय? खालच्या चारांची बेरीज ७.४, ५.८, ४.८ आणि ३.६ मिळून २१.६ केबी. पूर्ण डीएनए ४८.५ केबीचा. वरच्या बँडमध्ये एकच तुकडा असेल आणि बाकी काही लपलेले नसेल तर तो २६.९ केबीचा हवा. हे खरे की खोटे, आपला जेल सांगू शकत नाही, कारण वरच्या बँडची लांबी आपण मोजलेलीच नाही. बेरीज जुळवून पाहणे हा चांगला पडताळा आहे, पण बेरजेतला एक आकडा अज्ञात असला की पडताळा लंगडा होतो. पुष्कळ अहवालांत याच जागी वरच्या बँडला हवी ती लांबी देऊन बेरीज 'जुळवलेली' असते.

आता तो ठळक बँड आठवा. एका रेणूचे सहा तुकडे झाले, तर प्रत्येक तुकडा संख्येने तितकाच असणार. पण रंगद्रव्य बेस-जोड्यांमध्ये शिरते, त्यामुळे लांब तुकड्यात ते जास्त मावते. संख्या सारखी, चमक लांबीच्या प्रमाणात. म्हणून पूर्ण कापलेल्या डीएनएच्या लेनमध्ये वरून खाली येताना बँड क्रमाने फिके होत गेले पाहिजेत. लेनमध्ये ५०० नॅनोग्रॅम डीएनए टाकला असेल, तर ७.४ केबीच्या बँडमध्ये सुमारे ७६ नॅनोग्रॅम असणार, ५.८ च्यात ६०, ४.८ च्यात ५०, ३.६ च्यात ३७. प्रत्यक्षात ५.८ चा बँड ७.४ च्या बँडपेक्षाही ठळक आहे. क्रम मोडला आहे. एकाच जागी साधारण सारख्या लांबीचे दोन तुकडे बसले असतील, तर त्या बँडमध्ये ११८ च्या आसपास नॅनोग्रॅम भरतील आणि तो असाच दिसेल. ज्या वर्णनात मघाशी आपण फक्त 'इतर तिघांपेक्षा ठळक' एवढेच लिहिले होते, त्यानेच सहाव्या तुकड्याचा पत्ता दिला. तीव्रतेचे वर्णन गाळणाऱ्या अहवालात हा पत्ता कायमचा हरवतो, आणि मला त्याची फार हळहळ वाटते, कारण माहिती फोटोत असते आणि लिहिणाऱ्याने ती पाहिलेलीही असते.

हा तुकडा धरला तर खालची बेरीज २७.४ होते आणि वरच्या बँडला २१.१ केबी उरतात. हे तपासायला चौथी लेन कामी येते. हिंडथ्री या दुसऱ्या विकराने कापलेल्या लॅम्डाचा सर्वांत मोठा तुकडा २३.१ केबीचा असतो. तो शेजारी चालवला आणि आपला वरचा बँड त्याच्या जरासा पुढे गेलेला दिसला, तर २६.९ ची शक्यता मागे पडते. एक टक्क्याच्या जेलवर हा फरक केसाएवढा असेल. आपल्याला दोन्ही बँड एकाच पातळीवर दिसले तर तसेच लिहावे.

चमकेवरून निष्कर्ष काढताना दोन गोष्टी आधी निस्तराव्या लागतात. पहिली लॅम्डाचीच खासियत आहे. त्याच्या दोन्ही टोकांना बारा अक्षरांचे एकेरी शेपूट असते आणि ती शेपटे एकमेकांना पूरक असल्यामुळे चिकटतात. इकोआरवनने कापल्यावर ही टोके सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान तुकड्यावर येतात. ती चिकटली की ३.५ केबीचा बँड फिका पडतो आणि त्याचा बराच भाग वर मोठ्या तुकड्याबरोबर जाऊन बसतो. उपाय साधा आहे: जेलवर टाकण्याआधी नमुना ६५ अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवायचा आणि लगेच बर्फात घालायचा. खालचा बँड अपेक्षेपेक्षा बराच फिका दिसला आणि ही पायरी राहून गेली असेल, तर विकराला दोष देण्याआधी हे कारण लिहावे.

दुसरी गोष्ट अर्धवट कापणीची. विकर कमी पडले किंवा वेळ कमी मिळाला तर काही जागा न कापता राहतात आणि शेजारचे दोन तुकडे जोडलेलेच राहतात. आपल्या लेनमध्ये ९.३ केबीच्या आसपास एखादा फिकट जादा बँड दिसला असता, तर तो ५.८ आणि ३.५ च्या शेजारी तुकड्यांची जोडी असण्याची दाट शक्यता होती. असे बँड ओळखायची खूण तीव्रतेतच आहे. लांबी मोठी असूनही ते फिके असतात, क्रमात बसत नाहीत. सगळ्या बँडांची बेरीज पूर्ण डीएनएपेक्षा जास्त भरते. आणि तोच नमुना आणखी तासभर विकराबरोबर ठेवला की ते नाहीसे होतात. ठळक बँडला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. अर्धवट कापणीने नवे मोठे बँड येतात, मधलाच एखादा बँड शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट होत नाही.

मोजमाप फसवणाऱ्याही काही गोष्टी आहेत, त्यांतली नेहमी भेटणारी म्हणजे लेनमध्ये डीएनए गच्च भरणे. बँड जाड होतो, त्याची पुढची कड पुढे ढकलली जाते आणि तुकडा आहे त्यापेक्षा लहान वाटतो. नमुन्यात मीठ जास्त असेल तर लेनमधले सगळेच बँड मागे रेंगाळतात. वीज जास्त लावली आणि जेल मधोमध तापला तर मधल्या लेन पुढे पळतात, कडेच्या मागे राहतात, आणि बँडांची ओळ हसऱ्या ओठांसारखी वाकते. अशा जेलवर डाव्या टोकाच्या लॅडरने मधली लेन मोजली तर सगळे आकडे एकाच दिशेने चुकतील. लॅडर एका कडेला आणि मधोमध टाकला की हे लगेच कळते: दोन्ही ठिकाणच्या त्याच बँडांना जोडणारी रेषा आडवी आली पाहिजे. नाही आली, तर तसे अहवालात लिहून जेल पुन्हा चालवावा.

लॅडरचा एक मूलभूत करारही विसरू नये. तो सरळ, दुहेरी डीएनएचीच लांबी सांगतो. न कापलेला प्लास्मिड म्हणजे डीएनएचे बंद कडे. जिवाणूत ते पिळदार गुंडाळलेले असते, आणि त्या रूपात जेलमधून त्याच लांबीच्या सरळ डीएनएपेक्षा बहुधा पुढे जाते. त्याच कड्याच्या एका धाग्याला चीर गेली की पीळ सुटतो आणि ते मागे राहते. एकाच प्लास्मिडचे असे दोन-तीन बँड पाहून 'तीन वेगवेगळ्या लांबीचे डीएनए' असे लिहिलेले आढळते. त्या लेनमधल्या बँडांना केबीमध्ये लांबी देऊच नये. बँड किती, एकमेकांच्या मानाने कुठे, एवढे वर्णन पुरे. लांबी हवी असेल तर कडे एका जागी कापून सरळ केलेल्या नमुन्याची लेन मोजावी.

आपल्या लॅम्डाच्या प्रयोगाचा निकाल मी पुढीलप्रमाणे लिहीन. 'इकोआरवनने कापलेल्या लॅम्डा डीएनएच्या लेनमध्ये (लेन ३) पाच रेखीव बँड दिसले. लॅडरच्या शेजारी बँडांवरून लॉग पद्धतीने काढलेल्या चौघांच्या लांब्या सुमारे ७.४, ५.८, ४.८ आणि ३.६ केबी. सर्वांत वरचा बँड लॅडरच्या मर्यादेबाहेर, १० केबीपेक्षा मोठा. ५.८ केबीचा बँड ७.४ केबीच्या बँडपेक्षा ठळक होता. लेनमध्ये धूर किंवा फिकट जादा बँड आढळले नाहीत.' इथे निकाल संपतो. चर्चेच्या भागात पुढे लिहीन: 'तीव्रतेचा मोडलेला क्रम पाहता ५.८ केबीच्या बँडमध्ये जवळपास सारख्या लांबीचे दोन तुकडे असावेत. ज्ञात अनुक्रमावरून ५,८०४ आणि ५,६४३ बेस-जोड्यांचे दोन तुकडे अपेक्षित आहेत, ते याच्याशी जुळते.' फोटोखालच्या ओळीत अगारोजचे प्रमाण, बफर, व्होल्टेज आणि वेळ, प्रत्येक लेनमध्ये काय आणि किती नॅनोग्रॅम, रंगद्रव्य कोणते, आणि लॅडरच्या बँडांसमोर त्यांच्या लांब्या. फोटो वेलपासून खालच्या टोकापर्यंत पूर्ण ठेवावा. वेल कापून टाकलेल्या फोटोवर दुसऱ्या कोणाला मोजमाप करता येत नाही.

'दोन तुकडे असावेत' हे अनुमान पक्के करायचे तर पुढचा जेल कसा चालवायचा हेही याच फोटोवरून काढता येते. आपल्या जेलवर लॅडरचे ६ आणि ५ केबीचे बँड अडीच मिलिमीटरने वेगळे आहेत. ५,८०४ आणि ५,६४३ यांच्या लॉगमधला फरक ६ आणि ५ यांच्या फरकाच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा. म्हणजे या दोन तुकड्यांतले अंतर इथे अर्ध्या मिलिमीटरहून कमी, बँडच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. ते दोन मिलिमीटर व्हायचे तर लॅडरचे ६ आणि ५ केबीचे बँड एकमेकांपासून साधारण १३ मिलिमीटरवर जायला हवेत. त्यासाठी ०.७ टक्क्याचा लांब जेल ओतायचा, डीएनए निम्माच टाकायचा म्हणजे बँड बारीक राहतील, वीज कमी करायची आणि रात्रभर चालू ठेवायची. ३.५ केबीचा बँड तोवर बराच खाली गेलेला असेल, पण या वेळी त्याचे काम नाही. सकाळी लॅडरवरचे ते १३ मिलिमीटर आधी मोजायचे. ते भरले असतील आणि ठळक बँडच्या जागी दोन रेघा असतील, तर निकालात सहा बँड लिहायचे. १३ मिलिमीटर भरलेच नसतील, तर त्या जेलने प्रश्नाचे उत्तर दिले नाही असे लिहून तो आणखी चालवायचा.